रात्रीची सिस्टर आणि सकाळचा शेरा

मार्च संपत आला की इनचार्ज सिस्टरच्या टेबलावर दोन ढीग चढतात. एक स्टॉक रजिस्टरांचा आणि दुसरा गोपनीय अहवालांच्या फॉर्मचा. स्टॉक मोजायला दोन दिवस लागतात, कारण एक थर्मामीटर कमी भरला तरी त्याचा हिशेब द्यावा लागतो. पंधरा-सोळा जणींच्या वर्षभराच्या कामाचे अहवाल मात्र एका दुपारी उरकतात. परिसेविका झाल्यावरची पहिली काही वर्षं मीही ते असेच उरकले. 'कामसू. प्रामाणिक. रुग्णांशी प्रेमाने वागतात. वक्तशीर.' हे शब्द मी इतक्या जणींपुढे लिहिले असतील की फॉर्मवरची नावं झाकली असती, तर कोणता अहवाल कोणाचा हे मलाही सांगता आलं नसतं.

वॉर्डात ज्यांना सगळे नुसतं 'सिस्टर' म्हणतात, त्यांना सरकारी कागदावर अधिपरिचारिका म्हणतात. त्यांच्यावर वॉर्ड सांभाळणारी परिसेविका, म्हणजेच इनचार्ज, आणि सगळ्या वॉर्डांवर अधिसेविका, म्हणजे मेट्रन. अहवाल एकजण लिहितो आणि वरचा दुसरा तो तपासतो. कागदावर त्यांना प्रतिवेदन अधिकारी आणि पुनर्विलोकन अधिकारी म्हणतात. वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्चचं. पदोन्नतीच्या वेळी, आणि १०, २० व ३० वर्षांनी मिळणारा आश्वासित प्रगती योजनेचा लाभ देताना, हे अहवाल बाहेर निघतात. म्हणजे ज्या फॉर्मला मी एक दुपार देत होते, त्याच्यावर कुणाच्या तरी पगाराची पायरी टेकलेली होती.

पण आळस ही माझी खरी अडचण नव्हती. ती मला एका मेट्रनबाईंनी दाखवली, तीही एका साध्या प्रश्नातून. एका सिस्टरच्या फॉर्मवर मी 'रात्रपाळीत दक्ष' असं लिहिलं होतं. त्यांनी विचारलं, "तुम्ही रात्री कधी आलात?"

इनचार्जची ड्युटी सकाळची असते. आमच्याकडे सकाळ ८ ते २, दुपार २ ते ८ आणि रात्र ८ ते ८ अशी बारा तासांची. वॉर्ड वर्षाचे ८,७६० तास चालू असतो. रोजचे सहा तास आणि कामाचे तीनशे दिवस धरले, तर मी त्यातले १,८०० तास तिथे होते. पाचातला एक तास. उरलेल्या चार तासांत कोण काय करतं ते मी पाहिलेलं नसायचं आणि तरी त्यावर शेरा मात्र माझा असायचा. त्यामुळे माझ्या अहवालात सकाळच्या ड्युटीला दिसणाऱ्या, राउंडमध्ये डॉक्टरांबरोबर चटपटीत चालणाऱ्या मुली नेहमी वर असत. रात्री एकटीने वॉर्ड सांभाळणारी सिस्टर मला दिसे ती सकाळी आठला, डोळे तांबारलेली, केस विस्कटलेले, कधी एकदा घरी जाते अशा अवस्थेत. तिच्या कामाची साक्ष दोनच ठिकाणी असते. एक, पेशंटच्या अंगावर आणि दोन, तिने लिहून ठेवलेल्या कागदावर. दोन्ही वाचायला मला उशिराच जमलं.

ते कसं वाचायचं हे एका सिस्टरच्या अहवालावरून सांगते. ही सिस्टर म्हणजे कुणी एक नव्हे. तीन-चार जणींच्या वर्षांतले तुकडे जोडून मी ती उभी केली आहे, म्हणजे कुणाची ओळख उघड व्हायला नको. पुरुषांचा मेडिकल वॉर्ड, ३६ खाटा. सिस्टरची नोकरी सात वर्षांची. वर्षात तिच्या ८४ रात्री झाल्या. हजेरीपटावर नऊ वेळा उशिराची लाल खूण. तिच्याविषयी वॉर्डात एकमत होतं: पेशंटसाठी जीव टाकते, पण लिखाणाचा कंटाळा. माझ्या जुन्या पद्धतीने मी लिहिलं असतं, 'रुग्णसेवा उत्तम. सहकाऱ्यांशी जुळवून घेतात. नोंदींकडे थोडे लक्ष द्यावे. वेळेबाबत सुधारणा आवश्यक.' यातली चारही वाक्यं खोटी नाहीत, पण ती वाचून सिस्टरने उद्यापासून काय वेगळं करायचं आणि मेट्रनने काय समजायचं, याचा पत्ता लागत नाही.

आधी रुग्णसेवा घेऊ. हिच्याबाबतीत सगळ्यात भोळी चूक होते ती अशी, की गोड बोलणारी सिस्टर सगळ्याच बाबतीत चांगली वाटते. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२० साली लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना दिलेले गुण तपासले होते. ज्याची शरीरयष्टी चांगली त्याला बुद्धीचे आणि नेतृत्वाचे गुणही आपोआप जास्त पडलेले दिसले. वॉर्डात शरीरयष्टीची जागा हसऱ्या चेहऱ्याने घेतली आहे, इतकाच फरक. नातेवाईक जाताना पेढे देतात ते बहुधा हसऱ्या सिस्टरला. ज्या सिस्टरने पेशंटला रात्रीत चार वेळा कुशीवर वळवलं तिला तो पेशंट ओळखतही नाही, कारण तो शुद्धीवर नसतो.

म्हणून मी पेशंटच्या पाठी पाहायला लागले. अर्धांगवायूने आडवा झालेला माणूस एका कुशीवर किंवा पाठीवर तासन्तास तसाच राहिला, तर माकडहाडावर, टाचेवर, खुब्यावर दाब पडून तिथलं रक्त थांबतं. आधी लाली येते. बोट दाबलं की ती पांढरी व्हायला हवी, ती झाली नाही तर शय्याव्रणाची सुरुवात झाली असं समजायचं. ते टाळायला साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. दिवसा हाताशी माणसं असतात, रात्री नसतात. त्यामुळे व्रण बहुतेक रात्रीतून होतात आणि सकाळच्या स्पंजिंगला दिसतात. आमच्या सिस्टरच्या रात्रींना लागून एक अर्धांगवायूचे आजोबा १९ दिवस वॉर्डात होते. घरी गेले तेव्हा त्यांची पाठ स्वच्छ होती. त्यांना वळवायला रात्री मावशी किंवा मामा यांपैकी कुणीतरी लागे, आणि ते आठवण केल्याशिवाय येत नाहीत. मावशींनाच मी विचारलं. त्या म्हणाल्या, "सिस्टर बाराला, दोनला, चारला उठवतातच. झोपू देत नाहीत मेल्या." त्या वर्षभरात मला मिळालेली सगळ्यात भक्कम पावती ही होती.

दुसरी साक्ष तक्त्यावरची. पेशंटच्या पायाशी लटकणाऱ्या तक्त्यावर ताप, नाडी, श्वास असे तीन आकडे असतात. ताप थर्मामीटर सांगतो, नाडी हातात येते. श्वास मोजायला मात्र घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिटभर छातीची हालचाल पाहावी लागते, आणि तेही पेशंटला न कळवता, कारण कळलं की तो वेगळा श्वास घेतो. छत्तीस पेशंट म्हणजे निव्वळ श्वास मोजायला छत्तीस मिनिटं. म्हणून हा आकडा सर्रास अंदाजाने लिहिला जातो आणि तो बहुतेक वेळा २० असतो. कुठल्याही वॉर्डातले दहा तक्ते काढून पाहा. एका रांगेत सगळ्यांचा श्वास २० दिसला, तर तो कुणी मोजलेला नाही असं खुशाल समजावं. खरोखर मोजलेले आकडे असे सरळ रांगेत उभे राहत नाहीत. ते १६, २२, १८, २४ असे वर-खाली होतात.

आमच्या सिस्टरच्या रात्रींचे आकडे असेच वर-खाली होते. ऑगस्टमधल्या एका रात्री न्यूमोनियाच्या एका पेशंटपुढे दहा वाजता २२ आणि दोन वाजता ३० लिहिलं होतं. ताप तेवढाच, नाडी थोडी वाढलेली, पेशंट झोपेत. श्वास न मोजणाऱ्या सिस्टरला हा माणूस शांत झोपलाय असंच वाटलं असतं. हिने २ वाजून १० मिनिटांनी निवासी डॉक्टरांना बोलावलं, ऑक्सिजन लावला आणि तीनच्या आत तो पेशंट अतिदक्षता विभागात गेला. आता 'रात्रपाळीत दक्ष' या शब्दांऐवजी काय लिहायचं ते माझ्यापुढे होतं: 'रात्रपाळीत श्वसनाचा वेग प्रत्यक्ष मोजतात. ऑगस्टमध्ये न्यूमोनियाच्या रुग्णाचा श्वास २२ वरून ३० वर गेल्याचे ओळखून दहा मिनिटांत डॉक्टरांना बोलावले. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची कूस दर दोन तासांनी बदलून घेतात. त्यांच्या देखरेखीखालील अशा रुग्णाला १९ दिवसांत शय्याव्रण झाला नाही.' मेट्रन त्या रात्री तिथे नव्हत्या, मीही नव्हते. पण ही चार वाक्यं खरी की खोटी, हे तक्ता काढून कुणालाही तपासता येतं.

एक अडचण इथेच सांगायला हवी. शय्याव्रण झाला नाही याचं श्रेय एकट्या सिस्टरचं नसतं, तसंच झाला तर दोषही एकटीचा नसतो. तीन पाळ्यांतल्या तीन सिस्टर, गादी, जेवण, पेशंटचा मधुमेह हे सगळं त्यात असतं. त्यामुळे शेऱ्यात तिने काय केलं ते आधी यावं आणि परिणाम मागून. पेशंट वाचला म्हणून सिस्टर उत्तम आणि दगावला म्हणून कमी, असा हिशेब करणाऱ्यांना मी नोकरीत पाहिलं आहे. मेडिकल वॉर्डात माणसं दगावतात. उत्तम सिस्टरच्या हातातही दगावतात.

आता तिच्या लिखाणाचा कंटाळा. इथे मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण 'कंटाळा' हा शब्दच चुकीचा निघाला.

दर तीन महिन्यांनी मी डिस्चार्ज झालेल्या पेशंटचे दहा केसपेपर काढत असे, त्यातले निम्मे तरी रात्री दाखल झालेले. कोणतेही दहा हं. ज्या केसपेपरवरून भांडण झालं तेच काढले, तर सगळ्याच सिस्टर निष्काळजी दिसतात. या सिस्टरच्या नोंदींत मजकूर चांगला होता. पेशंट काय म्हणाला, उलटीचा रंग काय, लघवी किती, सगळं नेमकं. चूक होती वेळेत. रात्रीच्या पाच नोंदी एकाच पेनाने, एकाच तिरकसपणाने, एका दमात लिहिलेल्या. वेळा सगळ्या गोल: १०, १२, २, ४, ६. म्हणजे सकाळी सहा-सातला बसून आठवणीने लिहिलेलं. औषधांच्या तक्त्यावर त्याहून वाईट. चाळीस केसपेपर वर्षभरात पाहिले, त्यातल्या अकरांवर तिच्या रात्रीच्या एखाद्या तरी डोससमोर सही नव्हती. औषध दिलेलं होतं, कारण स्टॉक जुळत होता. सही नव्हती.

आठवणीने लिहिण्यात काय बिघडतं, हे जानेवारीत दिसलं. हृदयविकाराच्या एका पेशंटला पहाटे दम लागला. डॉक्टरांनी लघवी वाढवणारं फ्रुसेमाइडचं इंजेक्शन लगेच द्यायला सांगितलं, सिस्टरने ५ वाजून ४० मिनिटांनी दिलं. सही करायच्या आतच पलीकडच्या खाटेवरच्या पेशंटला झटका आला आणि ती तिकडे धावली. नंतर सव्वासहाला नवीन दाखला, सातला रक्ताचे नमुने. आठला तिने तोंडी सगळा चार्ज दिला, पण या इंजेक्शनचा उल्लेख राहून गेला. साडेआठला सकाळच्या सिस्टरने तक्ता पाहिला. ऑर्डर आहे, सही नाही, म्हणजे इंजेक्शन द्यायचं राहिलं. तिने ते सिरिंजमध्ये भरलं. खाटेजवळ गेली तेव्हा लघवीची पिशवी गच्च भरलेली दिसली आणि पेशंटची बायको म्हणाली, "ताई, पहाटे दिलंय की एक." दुसरा डोस टळला तो त्या बाईंमुळे. दुसरा गेला असता तर रक्तदाब खाली आला असता, पोटॅशियम घसरलं असतं, आणि हृदय आधीच दुबळं असलेल्या माणसाला ते परवडणारं नव्हतं.

आमच्या धंद्यात एक जुना नियम आहे: लिहिलं नाही म्हणजे केलं नाही. तो कोर्टासाठी आहे असं सगळ्यांना वाटतं. तो मुळात पुढच्या पाळीच्या सिस्टरसाठी आहे. तिला आधीच्या बारा तासांचं फक्त तेवढंच दिसतं जेवढं कागदावर आहे.

आता यावर 'निष्काळजी' असा शेरा मारणं सोपं होतं. पण ही बाई निष्काळजी असती तर श्वास मोजत बसली नसती. मी एका रात्री नऊ ते बारा वॉर्डात बसले. मेट्रनबाईंचा तो प्रश्न डोक्यात होताच. दिसलं ते असं: औषधांचे तक्ते केसपेपरात, केसपेपर सिस्टरच्या टेबलावर, टेबल दाराशी. शेवटची खाट तिथून सत्तर-ऐंशी पावलांवर. ट्रॉली घेऊन एक फेरी पूर्ण करायची आणि मग टेबलाशी येऊन छत्तीस सह्या करायच्या, अशी वॉर्डाची रीतच पडली होती. दिवसा दोघी-तिघी असल्यामुळे ती निभत होती. रात्री एकीला मध्येच कुठेतरी धावावं लागलं की फेरी आणि सह्या यांच्यात फट पडे. बाकीच्यांच्या रात्रींचे केसपेपरही मी मग तपासले. सही सुटण्याचं प्रमाण त्यांच्यातही होतं, हिच्यात थोडं जास्त. काही जणींच्या सह्या मात्र फेरीच्या आधीच करून ठेवलेल्या असत, म्हणजे औषध द्यायच्या आधी. तो तक्ता बघायला सुरेख दिसतो आणि सगळ्यात धोकादायक असतो. माझ्या जुन्या अहवालांत अशांच्या नोंदी 'अद्ययावत' ठरल्या असणार, हे आठवून मला लाज वाटली.

तेव्हा शेरा असा झाला: 'नोंदींचा मजकूर नेमका व उपयुक्त. मात्र रात्रपाळीत नोंदी पाळीच्या शेवटी एकत्र लिहितात; तपासलेल्या ४० पैकी ११ केसपेपरांवर दिलेल्या औषधासमोर सही नाही. जानेवारीत यामुळे एका रुग्णास दुसरा डोस जाण्याचा प्रसंग थोडक्यात टळला. औषध देताच खाटेजवळच सही करणे अपेक्षित. यासाठी औषधांचे तक्ते ट्रॉलीवर ठेवण्याची व्यवस्था वॉर्डाने करावयाची आहे.' शेवटचं वाक्य अहवालात नको, असं एका लिपिकाचं मत पडलं. अहवाल कर्मचाऱ्याचा असतो, वॉर्डाचा नसतो, असं तो म्हणाला. मी ते ठेवलं. वॉर्डाची चूक कर्मचाऱ्याच्या नावावर चढवायची नसेल, तर ती कुठेतरी लिहावीच लागते.

सांघिक काम या रकान्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यात मोजायला फार काही नसतं आणि फसायला भरपूर असतं. 'सहकाऱ्यांशी जुळवून घेतात' याचा आपल्याकडे अर्थ बहुतेक वेळा 'तक्रार करत नाहीत' असा असतो. ही सिस्टर तक्रार करायची. जूनमध्ये मध्यरात्री एका निवासी डॉक्टरने अँपिसिलिन लिहिलं. दाखल्याच्या कागदावर पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलेली होती, आणि अँपिसिलिन त्याच कुळातलं. हिने इंजेक्शन दिलं नाही, फोन केला. छत्तीस तास जागा असलेला तो पोरगा चिडला. ती म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही येऊन कागद बघा, मग द्यायचं तर तुमच्या हाताने द्या." तो आला, कागद पाहिला, औषध बदललं. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे गोष्ट आली ती 'सिस्टर उलट बोलतात' अशी. मी तेव्हा कागद काढून पाहिला नसता, तर मार्चमध्ये तिच्या फॉर्मवर 'बोलण्यात सौम्यता हवी' असं पडलं असतं, आणि पुढच्या वेळी तिने मुकाट्याने इंजेक्शन दिलं असतं.

मावशी-मामांशी ती कशी वागते, विद्यार्थिनींना हाताशी धरून शिकवते का, हेही या रकान्यात येतं. चांगली चाचणी एकच: चार्ज ती टेबलाशी बसून देते की खाटेखाटेशी उभी राहून. खाटेशी दिला तर सलाइन किती उरलंय, नळी कुठे सुजलीय हे दोघींना एकदमच दिसतं. ही बहुतेक वेळा खाटेशी देत असे. फ्रुसेमाइडच्या सकाळी तिने टेबलाशी दिला होता, आणि तेही मी लिहिलं.

राहिला भरवशाचा रकाना, म्हणजे हजेरीपटावरच्या नऊ लाल खुणा. नऊ हा आकडा नुसता पाहिला तर वाईट वाटतो. मी त्या नऊ तारखा ड्युटीच्या तक्त्याशेजारी ठेवल्या. नऊपैकी सात सकाळच्या ड्युटीच्या होत्या, आणि त्या सातही वेळा आदल्या दिवशी तिची दुपारची ड्युटी होती. दुपारची ड्युटी आठला संपते, चार्ज देऊन निघेपर्यंत पावणेनऊ. ती राहायची बावीस किलोमीटरवरच्या गावात. शेवटच्या एसटीने दहाला घरी, स्वयंपाक, झोप बारापुढे. सकाळी आठच्या ड्युटीसाठी सव्वासहाची गाडी. दोन ड्युट्यांमध्ये कागदावर बारा तास दिसतात, झोपेच्या वाट्याला त्यातले पाच येतात. तिला अशी दुपारनंतर लगेच सकाळ महिन्यातून तीन-चार वेळा लागत होती. आणि तो ड्युटीचा तक्ता मीच लावत होते!

नोव्हेंबरपासून मी तिच्या ड्युट्यांचा क्रम बदलला. आधी सकाळ, मग दुपार, मग रात्री, आणि रात्रींनंतर सुट्टी. घड्याळाच्या दिशेने पुढे जाणाऱ्या पाळ्या शरीराला उलट फिरणाऱ्या पाळ्यांपेक्षा सोप्या जातात, कारण माणसाला झोप थोडी पुढे ढकलणं जमतं, अलीकडे ओढणं जमत नाही. नोव्हेंबर ते मार्च पाच महिन्यांत तिला एकदाच उशीर झाला, तोही पावसाळा नसताना झाड पडून रस्ता बंद झाला म्हणून.

इथे आणखी दोन सापळे आहेत. पहिला रजेचा. सप्टेंबरात तिला डेंग्यू झाला, बारा दिवस वैद्यकीय रजा मंजूर झाली. मंजूर रजा ही 'अनियमित उपस्थिती' नव्हे. पण फॉर्म भरताना 'ती पावसात नव्हतीच' एवढंच आठवतं आणि हात आखडतो. बाळंतपणाच्या रजेवरून आलेल्या मुलींना तर हे हमखास भोगावं लागतं. दुसरा सापळा याच्या उलट आहे. बदली सिस्टर आली नाही म्हणून चार वेळा ती रात्रीनंतर थांबली, एकदा तर दुपारी दोनपर्यंत. अशी सिस्टर इनचार्जला देवासारखी वाटते आणि शेऱ्यात 'हाक मारताच धावून येतात' असं लिहावंसं वाटतं. मी ते लिहायचं सोडलं. अठरा तास जागी असलेली सिस्टर औषध मोजत असेल, तर ते कौतुकाचं नाही, भीतीचं आहे. मी लिहिलं ते असं: 'पाळी सोडण्यापूर्वी बदली परिचारिका आल्याची खात्री करतात, वॉर्ड एकदाही विनापरिचारिका सोडला नाही. ड्युटी बदलून हवी असल्यास पूर्वपरवानगी घेतात. एप्रिल ते ऑक्टोबरमधील आठ विलंबांपैकी सात दुपारपाठोपाठ सकाळ लावल्यामुळे. क्रम बदलल्यानंतर पाच महिन्यांत एक विलंब, सकारण.'

फॉर्मच्या तळाशी प्रतवारी असते, आणि तिथे 'चांगली' असा एक निरुपद्रवी दिसणारा शब्द वाट पाहत असतो. तो किती महाग पडू शकतो, हे देव दत्त यांच्या खटल्याने देशाला दाखवलं. ते सीमा सडक संघटनेत कार्यकारी अभियंता होते. बढतीसाठी सलग पाच वर्षं 'फार चांगला' हा शेरा लागत होता. १९९३-९४ साली त्यांना नुसता 'चांगला' मिळाला आणि तो त्यांना कुणी कळवलाही नाही. शेरा वाईट नव्हता, मग कळवायचा कशाला, अशी सरकारची बाजू होती. सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २००८ रोजी सांगितलं की शेरा कोणताही असो, वाईट, साधारण, चांगला किंवा फार चांगला, तो कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, म्हणजे त्याला त्याविरुद्ध दाद मागता येईल. २०१३ साली सुखदेव सिंग यांच्या खटल्यात तीन न्यायाधीशांच्या पीठाने तेच कायम केलं. तेव्हापासून गोपनीय अहवाल हे नाव जिभेवर राहिलं असलं, तरी त्यातलं 'गोपनीय' गेलं. आता त्याला कार्यमूल्यमापन अहवाल म्हणतात.

याचा इनचार्जच्या हातावर दुहेरी परिणाम झाला. काहीजणींनी धास्ती घेऊन सगळ्यांनाच वरचा शेरा द्यायला सुरुवात केली. कुणी दाद मागायला नको आणि डोक्याला तापही नको. खासगी रुग्णालयांत पाचपैकी गुण देतात, तिथे मैत्रिणी सांगतात की जवळपास सगळ्यांना चार पडतात. सगळ्यांना चार म्हणजे मला पुन्हा ते एका रांगेतले २० श्वास आठवतात. कुणी मोजलेलं नाही.

दुसरा परिणाम माझ्यावर झाला. कर्मचारी वाचणार आहे हे माहीत असलं की माणूस विशेषणं कमी वापरतो आणि तारखा जास्त. पण मार्चमध्ये बसून तारखा आठवत नाहीत. आठवतात त्या फेब्रुवारीतल्या. त्यामुळे एप्रिलपासून एक साधी शंभर पानी वही लागते, दर सिस्टरला चार-पाच पानं. काही घडलं की दोन ओळी: तारीख, पाळी, काय केलं. चांगलं आणि वाईट दोन्ही. आणि वाईट असेल तर त्याच आठवड्यात तिला बोलावून सांगायचं. जानेवारीतलं इंजेक्शन तिला मार्चच्या फॉर्मवर पहिल्यांदा वाचायला मिळालं असतं, तर मधले दोन महिने तिने तसंच काम केलं असतं.

तिला मी अहवाल वाचायला दिला तेव्हा ती रात्र संपवून आली होती. उभ्यानेच वाचला. श्वासाच्या ओळीशी थांबली, म्हणाली, "सिस्टर, तुम्ही तक्ते बघता?" मग नोंदींच्या रकान्याशी आली. अकरा हा आकडा तिला जास्त वाटला. तिने केसपेपर मागितले. मी क्रमांकांची यादी काढून ठेवलेली होतीच. तिने बसून अकराही पाहिले. एका ठिकाणची सही तिची होती, पुसट पेनाने केलेली, मला दिसली नव्हती. मी अकराचे दहा केले आणि शेजारी सही केली.

मग तिने विचारलं, "आणि ट्रॉलीवर तक्ते ठेवायची व्यवस्था कधी होणार?"

मी मागणीपत्र फेब्रुवारीतच पाठवलं होतं. मंजुरी जुलैत आली. तोवर एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात तिने बाजारातून दोन मोठ्या क्लिपा आणि एक पुठ्ठा आणून तो ट्रॉलीच्या दांड्याला सुतळीने बांधला होता. पावती माझ्याकडे दिली, बावन्न रुपयांची. ती अजून कुठल्या खात्यात टाकायची हे लिपिकाला ठरवता आलेलं नव्हतं, तोवर मी निवृत्त झाले.